पहिली किंमत वजा करून बघा

व्हेरिअन्स ऋण येऊच शकत नाही. प्रत्येक किंमत सरासरीपासून किती लांब आहे ते काढायचं, त्या अंतरांचे वर्ग करायचे आणि वर्गांची सरासरी घ्यायची, एवढीच त्याची व्याख्या. वर्ग कधी ऋण नसतो, मग त्यांची सरासरी तरी ऋण कुठून होणार? तरीही माझ्या प्रोग्रॅमने एका उपकरणासमोर `-512.0` छापलं आणि पुढच्या ओळीत वर्गमूळ काढायला गेल्यावर `ValueError` देऊन तो थांबला.

असाइनमेंट साधी वाटत होती. एका मोठ्या फाइलमध्ये वेगवेगळ्या उपकरणांच्या नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीची वेळ टाइमस्टॅम्पच्या रूपात होती. म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (यूटीसी) किती सेकंद झाले, तो आकडा. एकेका उपकरणाच्या नोंदी थोड्या सेकंदांच्या अंतराने आलेल्या होत्या आणि त्या वेळा किती पसरलेल्या आहेत ते व्हेरिअन्सने सांगायचं होतं. अट एकच: फाइल फार मोठी आहे असं धरा आणि ती एकदाच वाचा. आधी सरासरीसाठी एक फेरी आणि मग फरकांसाठी दुसरी, असं चालणार नाही.

ही अट आली की कुणीही वळेल त्याच सूत्राकडे मी वळले: वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग. त्याला एक फेरी पुरते, कारण वाचता वाचता फक्त बेरीज आणि वर्गांची बेरीज साठवत जायचं असतं. माझ्या सारांशात हे सूत्र चौकटीत होतं. हा सारांश मी रात्रीच्या लेक्चरवरून तयार केला होता. सर दिवसा नोकरी करतात, त्यामुळे आमचा तास ऑनलाइन आणि रात्री उशिरा असतो. तो संपता संपता मध्यरात्र होते. तासाला घेतलेल्या टिपणांना मी दुसऱ्या दिवशी फळ्याच्या पीडीएफची जोड देते आणि दोन पानांत सगळं बसवते. या तासाच्या सारांशात दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. पहिली: «दोन्ही सूत्रे समान, दुसऱ्याला एकच फेरी पुरते.» दुसरी, गुणधर्मांच्या यादीतली: «V(x − c) = V(x), c कोणताही स्थिरांक.» दोन्ही ओळी गणित म्हणून अगदी बरोबर आहेत. आजही त्यात खोडण्यासारखं काही नाही.

प्रोग्रॅम असा होता:

```python
def var1(xs):
    n = len(xs)
    m = sum(xs) / n
    return sum(x*x for x in xs) / n - m*m
```

(इथे समजायला सोपं जावं म्हणून यादी घेतली आहे. असाइनमेंटमध्ये तेच काम ओळीमागून ओळ वाचत होत होतं.) लिहिल्यावर मी तो गुणांच्या छोट्या यादीवर तपासला होता, ४२, ५५, ६१ अशा आकड्यांवर, आणि उत्तर हातच्या उत्तराशी जुळलं होतं.

ऋण उत्तर आल्यावर आधी फाइलच नीट वाचली जात नसेल असं वाटलं. मग n ने भागायचं की n − १ ने, हा नेहमीचा घोळ असेल म्हणून तो बदलून पाहिला. पण ऋण संख्येला कुठल्याही धन संख्येने भागलं तरी ती ऋणच राहणार, त्यामुळे तिथे वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. शेवटी वर्गमूळाची ओळ काढून टाकली आणि सगळ्या उपकरणांचे नुसते व्हेरिअन्स एकाखाली एक छापले. शून्य, पाचशे बारा, शून्य, उणे पाचशे बारा, एक हजार चोवीस, परत शून्य. यादी कितीही खाली सरकवली तरी ५१२ च्या पाढ्याबाहेरचा एकही आकडा दिसेना.

इथे मी फाइलवर संशय घेणं सोडलं. खऱ्या नोंदींच्या वेळा ५१२ चा पाढा कशाला म्हणतील? हा आकडा २ चा नववा घात आहे. उत्तरात दोनाचे घात दिसायला लागले की ते मोजलेल्या गोष्टीतून आलेले नसतात, संगणकाच्या साठवणुकीतून आलेले असतात.

ज्या उपकरणाने उणे ५१२ दिलं त्याच्या चारच नोंदी होत्या. तीन एकाच सेकंदाला आणि चौथी आठ सेकंदांनी:

```
1700000015
1700000015
1700000015
1700000023
```

सरासरी १७००००००१७. फरक −२, −२, −२ आणि ६. वर्ग ४, ४, ४ आणि ३६. बेरीज ४८, भागिले ४, उत्तर १२. हे तोंडी येतं. म्हणून मग सूत्राची एकेक पायरी कागदावर अचूक केली आणि शेजारी संगणक काय धरून ठेवतो ते छापून घेतलं:

```
x = 1700000015   अचूक वर्ग    2890000051000000225
                 साठवलेला    2890000051000000000
x = 1700000023   अचूक वर्ग    2890000078200000529
                 साठवलेला    2890000078200000512
m = 1700000017   अचूक वर्ग    2890000057800000289
                 साठवलेला    2890000057800000512
```

पायथनचा `float` आकड्याला ५३ बिट देतो. त्यामुळे २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे सगळे पूर्णांक त्यात जसेच्या तसे बसतात. त्यापुढे मात्र जागा विरळ होत जातात. टाइमस्टॅम्प स्वतः त्या मर्यादेच्या खूप अलीकडे आहे, म्हणजे आकडा नीट साठतो. त्याचा वर्ग मात्र २ च्या ६१ व्या आणि ६२ व्या घातांच्या मध्ये जाऊन पडतो आणि तिथे लागोपाठच्या दोन जागांमधलं अंतर बरोबर ५१२ असतं. मधली संख्या आली की ती जवळच्या जागेवर ढकलली जाते. पंधराचा २२५ हा शेपटीचा भाग खाली गळला. सरासरीच्या वर्गातला २८९ हा ५१२ च्या निम्म्याहून जास्त, म्हणून तो वर ढकलला गेला. वर्गांची खरी सरासरी ३०१ ने संपते आणि सरासरीचा वर्ग २८९ ने, त्यांच्यातले १२ म्हणजे आपलं उत्तर. साठवलेल्या आकड्यांत मात्र पहिली ००० वर येऊन बसली आणि दुसरा ५१२ वर. वजाबाकी उणे ५१२. तिथे वजाबाकी चुकलेली नाही, ती अगदी अचूक झाली आहे. जे वजा करायचं होतं तेच आधी पुसलं गेलं होतं.

माझ्या बरोबरचा एक जण हीच असाइनमेंट करत होता. त्याने टाइमस्टॅम्प `float` ऐवजी `int` म्हणून वाचले होते. पायथनचे पूर्णांक हवे तेवढे लांब होतात, त्यामुळे त्याच्याकडे वर्ग आणि त्यांची बेरीज अचूक राहिली, पण शेवटी भागाकार झाला की उत्तर `float` मध्ये येतं आणि तिथे दोन्ही बाजू ५१२ वर जाऊन बसल्या. याच चार नोंदींवर त्याला `0.0` मिळालं होतं. शून्याचं वर्गमूळ निघतं, त्यामुळे त्याच्या प्रोग्रॅमने कुठलीच तक्रार केली नव्हती. माझ्यापेक्षा त्याची परिस्थिती वाईट होती असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

कारण कळलं होतं: आकडे मोठे, पसारा छोटा. मग आकडे लहान करायचे. सारांशात V(x − c) = V(x) होतंच, आणि c कोणताही स्थिरांक. सगळ्या नोंदी एकशे सत्तर कोटींच्या आसपास होत्या, म्हणून मी त्यातल्या त्यात एक गोल आकडा निवडला: `1600000000`. तो सप्टेंबर २०२० मध्ये येतो, माझ्या सगळ्या नोंदी त्यानंतरच्या होत्या, म्हणजे वजाबाकीनंतर सगळं धन राहणार. चालवून पाहिलं. चार नोंदींच्या त्या उपकरणाने `12.0` दिलं. बरोबर उत्तर!

मी फाइल बंद करणारच होते. पण ५१२ चा पाढा एकदा दिसल्यावर यादी नुसती बघून सोडवेना. पुन्हा खाली सरकवत गेले. आता एकही उत्तर ऋण नव्हतं, आकडे अगदी शहाण्यासारखे दिसत होते: १२, ८, ०, ३०, २. पण सगळे सम, आणि एकाही उत्तरात दशांश चिन्हापुढे शून्याखेरीज काही नाही. तीन नोंदींच्या सरासरीत कधीतरी तृतीयांश यायलाच हवा. लागोपाठच्या तीन सेकंदांच्या तीन नोंदी असलेलं एक उपकरण सापडलं, `1700000001`, `1700000002`, `1700000003`. खरा व्हेरिअन्स दोन तृतीयांश, म्हणजे ०.६७. माझं उत्तर `0.0`. हिशेब केला तर तेच दुखणं थोडं सौम्य होऊन बसलेलं. १६० कोटी वजा केल्यावर दहा कोटी उरतात, त्यांचा वर्ग १ वर सोळा शून्यं, आणि तिथे लागोपाठच्या जागांमधलं अंतर २. बाराच्या बाबतीत उत्तर मुळात सम होतं, म्हणून बरोबर आल्यासारखं दिसलं.

ऋण उत्तर निदान ओरडून सांगतं. ही सम उत्तरं मी तशीच देऊन टाकली असती.

मग कोणता c? सारांश म्हणत होता कोणताही. पीडीएफवर सरांच्या अक्षरात तेच सूत्र होतं, त्याखाली दुसरं काही नाही. पण त्या तासाला कुणीतरी याच जागी प्रश्न विचारला होता एवढं आठवत होतं, म्हणून रेकॉर्डिंग उघडलं. रात्र बरीच झाली होती, शेजारच्या खोलीतले झोपलेले, त्यामुळे हेडफोन लावले. दोन तासांहून मोठं रेकॉर्डिंग. खालच्या पट्टीवर बोट फिरवत फळ्याची छोटी चित्रं बघत गेले आणि दोन्ही सूत्रं शेजारी शेजारी दिसली तिथे थांबले. सवयीने दीडपट वेगावर होतं. एकदा ऐकलं, त्यात काहीच नवीन नाही. प्रश्न आला, उत्तर आलं, पुढचा मुद्दा सुरू झाला. मग वेग एकपट केला आणि पुन्हा मागे गेले.

एकपट वेगात तो भाग वेगळाच ऐकू येतो. मुलगा विचारतो, «सर, दोन्हीपैकी कोणतं वापरायचं?» सर म्हणतात, «कागदावर दोन्ही एकच.» आणि थांबतात. चार-पाच सेकंद काहीच नाही, फक्त पेन टेकवल्याचा आवाज. दीडपट वेगात ही शांतता श्वास घेण्याइतकीच वाटते. एकपट वेगात ती इतकी लांबते की माणूस पुढे काय म्हणतोय याची वाट बघावी लागते. त्या शांततेत सर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल रंगात छोट्या अक्षरांत काहीतरी लिहितात. मग म्हणतात, «असाइनमेंटला बसाल तेव्हा सगळ्यांतून पहिली किंमत वजा करून बघा. उत्तर बदलायला नको. बदललं, तर का बदललं ते शोधा.» कोपरा पुसतात. «चला, पुढे.»

माझ्या टिपणात या सगळ्याचं «दोन्ही समान» आणि «c कोणताही» झालं होतं. «पहिली किंमत»ची जागा c ने घेतली, कारण फळ्यावर c होता आणि c मध्ये पहिली किंमतही येतेच. «कागदावर» गळला. «बदललं तर» हा भाग मला गुणधर्माचं स्पष्टीकरण वाटला असणार: उत्तर बदलत नाही हाच तर गुणधर्म, मग बदललं तर काय, हे लिहून ठेवण्यासारखं वाटलंच नाही. सरांनी मात्र तिथे गुणधर्म सांगितलाच नव्हता. एक चाचणी सांगितली होती आणि तिच्यातच उपाय ठेवला होता.

कोपऱ्यातलं लाल लिखाण पीडीएफमध्ये नाही, कारण पीडीएफ पान संपताना जतन होतं आणि तोवर ते पुसलेलं होतं. रेकॉर्डिंग एकेक सेकंद मागे-पुढे करून मी ते वाचलं: 10001, 10002, 10003, आणि खाली «८ अंक». तासाला मला हे बहुतेक पुढच्या उदाहरणाचं खरडणं वाटलं असेल. आता ते वहीत करून पाहिलं. आठच अंक धरून ठेवणारा कॅल्क्युलेटर आहे असं मानायचं. तिघांचे वर्ग नऊ अंकी: १०००२०००१, १०००४०००४, १०००६०००९. आठ अंकांत बसवले की १०००२००००, १०००४०००० आणि १०००६००१०. बेरीज ३००१२००१०, भागिले तीन, आठ अंकांत १०००४००००. सरासरी १०००२, तिचा वर्ग आठ अंकांत १०००४००००. वजाबाकी शून्य. खरं उत्तर दोन तृतीयांश. माझ्या तीन नोंदींच्या उपकरणाचीच ही कथा, फक्त इतक्या लहान आकड्यांत की ती पेन्सिलीने करता येते. आता पहिली किंमत वजा करा: ०, १, २. वर्ग ०, १, ४, त्यांची सरासरी ५/३. सरासरी १, तिचा वर्ग १. उरले दोन तृतीयांश. आठ काय, दोन अंकी कॅल्क्युलेटरलाही पेलेल.

असाइनमेंटमधल्या त्या चार नोंदींचंही तसंच. ०, ०, ०, ८. वर्गांची सरासरी १६, सरासरीचा वर्ग ४, उत्तर १२.

तरी «पहिलीच का» हा प्रश्न मला सोडत नव्हता. मधली का नाही, सगळ्यात लहान का नाही? एक कारण लगेच दिसतं. फाइल एकदाच वाचायची असेल तर सुरुवातीला हातात पहिल्या नोंदीशिवाय काहीच नसतं. सरासरी शेवटी कळते, सगळ्यात लहान किंमतही शेवटीच कळते. दुसरं कारण शोधायला वही लागली, आणि मला ते पहिल्यापेक्षा जास्त आवडतं.

समजा पहिली किंमत सरासरीपासून d अंतरावर आहे. ती वजा केल्यावर सूत्राच्या पहिल्या भागात व्हेरिअन्स अधिक d² येतं आणि दुसऱ्या भागात d². म्हणजे d फार मोठं असेल तर पुन्हा दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी, पुन्हा तोच धोका. पण ही किंमत यादीतलीच आहे. ती सरासरीपासून d अंतरावर असेल, तर तिने एकटीने व्हेरिअन्समध्ये d² भागिले n एवढी भर घातलेलीच असते. म्हणून d² कधीही व्हेरिअन्सच्या n पटीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. चार नोंदी असतील तर वजाबाकीत शिरणारा मोठा आकडा उत्तराच्या फार तर पाचपट. एखाद्या उपकरणाच्या हजार नोंदी असतील आणि पहिलीच नेमकी एक दिवस आधीची असेल, तरी फार तर हजारपट, म्हणजे सुमारे सोळा सार्थ अंकांपैकी तीन जातील. बाकीचे हातात राहतात. माझे १६० कोटी यादीत नव्हते. ते सरासरीपासून दहा कोटी लांब होते आणि त्या अंतराचा व्हेरिअन्सशी काही संबंध नव्हता, म्हणून तिथे अशी हमी कुणीच देऊ शकत नव्हतं. c कोणताही चालतो हे गणितात खरं, पण अंक मोजके असतील तर c यादीतलाच हवा.

चाचणी म्हणूनही ही युक्ती किती थेट आहे ते तेव्हा लक्षात आलं. खरं उत्तर माहीत असण्याची गरजच नाही. मूळ आकड्यांवर प्रोग्रॅम चालवायचा, पहिली किंमत वजा करून पुन्हा चालवायचा, आणि दोन उत्तरं शेजारी ठेवायची. शेवटच्या एखाद्या अंकात फरक पडला तर ठीक. त्याहून जास्त फरक म्हणजे मूळ आकड्यांवरचं उत्तर विश्वासाचं नाही. गुणांच्या यादीवर मी ही चाचणी केली असती तर काहीच दिसलं नसतं, कारण तिथे सरासरी आणि पसारा यांत एवढी तफावतच नसते. सरासरी पसाऱ्याच्या किती पट आहे ते बघायचं, त्या पटीचा वर्ग करायचा. त्या वर्गात जितके अंक, साधारण तितके अंक वजाबाकीत जातात. माझ्या चार नोंदींचा पसारा साडेतीन सेकंदांच्या आतबाहेर आणि सरासरी १७० कोटी, म्हणजे पट जवळपास पन्नास कोटी. तिच्या वर्गात सतरा-अठरा अंक. हातात सोळा. उत्तर उरणारच कुठून?

मग एकाच फेरीत बसणारा प्रोग्रॅम असा झाला:

```python
k = None
n = 0; s = 0.0; q = 0.0
for x in rows:
    if k is None: k = x
    if x == 0: continue
    d = x - k
    n += 1; s += d; q += d*d
var = q/n - (s/n)**2
```

मधली `continue` ची ओळ फाइलमुळे आहे. ज्या नोंदीला वेळ मिळालेली नव्हती तिथे शून्य लिहिलेलं होतं आणि अशा नोंदी सोडून द्या असं असाइनमेंटमध्येच म्हटलं होतं.

चालवलं. तृतीयांश आले, चतुर्थांश आले, दशांश चिन्हापुढे निरनिराळे आकडे दिसले. थोड्या नोंदी असलेली काही उपकरणं `Fraction` वापरून अचूक अपूर्णांकांत काढून ताडून पाहिली, ती जुळली. बरोबरच्या मुलाला त्याच्या शून्यांबद्दल कळवलं. रेकॉर्डिंगमधली मिनिटं लिहून पाठवली आणि एकपट वेगात ऐक असंही लिहिलं. यादी शेवटपर्यंत बघत गेले तर अगदी तळाशी एक उपकरण अजूनही `512.0` दाखवत होतं.

त्याच्या नोंदी काढल्या. पहिलीच नोंद शून्य. म्हणजे k झाला शून्य, मग ती नोंद सोडून दिली गेली, आणि पुढच्या प्रत्येक किमतीतून शून्य वजा होत राहिलं. वरच्या हिशेबात d² ला आवर घालणारी गोष्ट एकच होती, k ही किंमत स्वतः व्हेरिअन्समध्ये मोजलेली असणं. इथे k मोजलेल्यांपैकी नव्हताच, तो माझ्या १६० कोटींसारखाच बाहेरचा होता, नव्हे त्याहून लांबचा. ती नोंद मी गाळली नसती तर उलट तो धोका राहिला नसता, फक्त उत्तर निरर्थक आलं असतं.

दोन ओळींची अदलाबदल केली:

```python
    if x == 0: continue
    if k is None: k = x
```

`512.0` च्या जागी `6.75` आलं. पुढच्या तासाला सरांनी वेलफर्डची १९६२ मधली पद्धत घेतली. तिच्यात k असा वेगळा धरावाच लागत नाही, सरासरी प्रत्येक नोंदीबरोबर सुधारत जाते आणि फरक त्या चालत्या सरासरीपासून घेतले जातात. तो तास मी सुरुवातीपासून एकपट वेगातच पुन्हा ऐकला आणि कोपऱ्यात काही लिहिलं जातं का ते बघत राहिले. सारांशातल्या c च्या ओळीखाली आता सरांची तिन्ही वाक्यं त्यांच्याच शब्दांत आहेत, त्यांपुढे रेकॉर्डिंगमधली वेळ आहे, आणि त्याखाली माझी एक ओळ: पहिली म्हणजे गाळून उरलेल्यांतली पहिली.